मोठं पॅड मागण्याआधी पुरळ कुठे आलंय ते बघा

नोव्हेंबरात तासगावच्या बाजूला द्राक्षाच्या विरळणीची धांदल असते. माझी धाकटी जाऊ तिकडेच असते. सकाळी साडेआठला बागेत शिरते, साडेपाचला बाहेर पडते. हात सतत वर, घडातले मणी कात्रीने काढत राहायचे. जवळ संडास नाही, आडोसा म्हणावा तर वेलींचाच. अशाच एका नोव्हेंबरात ती मिरजेला माझ्या औषधाच्या दुकानात आली आणि गिऱ्हाईक निघून जाईपर्यंत थांबली. मग हळूच म्हणाली, "अक्का, तुमच्याकडचं सगळ्यात मोठं पॅड द्या. मांड्या सोलून निघाल्यात."

तिचा हिशोब सरळ होता. पॅड बदलायला जागा नाही, तर मोठं घ्यावं म्हणजे दिवसभर पुरेल. चार महिने ती हेच करत होती. २४० वरून २८०, २८० वरून ३२०. पुरळ मात्र दर महिन्याला वाढतच होतं. दुकानात मला हेच रोज दिसतं, म्हणून आमचं दोघींचं जे बोलणं झालं ते इथे सविस्तर लिहिते.

आधी त्या आकड्याचा गैरसमज. पाकिटावरचे २४०, २८०, ३२० हे मिलिमीटर आहेत, म्हणजे पॅडची लांबी. एक्सएल म्हणजे लांब. लांब पॅडचा उपयोग रात्री झोपल्यावर होतो, कारण आडवं पडलं की रक्त मागे सरकतं. पण लांबी वाढली म्हणून मधल्या भागाची शोषण्याची ताकद वाढतेच असं नाही, आणि उभ्याने काम करणाऱ्या बाईचं रक्त त्या मधल्या जागेतच पडत असतं. उरलेली लांबी तिच्यासाठी नुसती घासणारी कड.

हे तिला पटेना म्हणून मी एक पॅड काउंटरवर कात्रीने उभं कापलं. तुम्हीही एकदा कापून बघा, पाकिटावरच्या जाहिरातीपेक्षा जास्त कळतं. सगळ्यात वर असतो तो अंगाला लागणारा थर. तो दोन प्रकारचा असतो. एक बारीक भोकांची प्लास्टिकची जाळी, बोट फिरवलं की किंचित खरखरीत आणि गार लागते. दुसरा मऊ, कापसासारखा. पण 'कॉटनी' लिहिलेला मऊ थर बहुतेक वेळा कापूस नसतो, न विणलेलं कृत्रिम धाग्यांचं कापड असतं. खरा कापूस असेल तर पाकिटावर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. त्याखाली लाकडाच्या लगद्याचा पांढरा भुसभुशीत थर, आणि पातळ पॅडमध्ये त्यातच साखरेसारखे बारीक दाणे. जाऊबाईंनी दाण्यांवर चमचाभर पाणी टाकलं आणि बघता बघता त्यांची जेली झाली. हे जेलचे दाणे द्रव धरून ठेवतात, म्हणून हल्लीची पॅड पातळ असूनही पुरतात. सगळ्यात खाली प्लास्टिक, त्यावर चिकटण्यासाठी गोंदाच्या पट्ट्या. काही पाकिटांत वर सुगंधही मारलेला असतो.

आता पुरळ. मी तिला आतल्या खोलीत नेलं आणि विचारलं, नेमकं कुठे? ही जागाच बरंच काही सांगते.

मांडीच्या आतल्या बाजूला, पॅडची कड किंवा पंख जिथे घासतात तिथे लांब लाल रेघ उठली असेल, आग होत असेल, आणि पाळी संपल्यावर तीन-चार दिवसांत ती जात असेल, तर ते घासून झालेलं आहे. तिथे पॅडची रुंदी, घाम आणि चालणं कारणीभूत असतं. साहित्य बदलण्याआधी अरुंद पॅड, नीट बसणारी सुती चड्डी आणि लवकर बदलणं, एवढ्याने फरक पडतो. लाली पॅडच्या आकाराची असेल, म्हणजे जणू पॅडचा ठसाच उठलाय, आणि आगीपेक्षा खाज जास्त असेल, तर पॅडमधल्याच एखाद्या गोष्टीचा त्वचेला त्रास होतोय. सुगंध आणि गोंद यांच्यावर पहिला संशय घ्यावा. एक पाळी बिनसुगंधाचं, वेगळ्या बनावटीचं पॅड वापरून बघायचं. ठसा उठला नाही तर उत्तर मिळालं.

तिसरा प्रकार पॅडचा नसतोच, पण दोष पॅडला जातो. जांघेच्या घडीत गोल चट्टा, त्याची कड उठावदार, मधला भाग जरा साफ, आणि खाज पाळी नसतानाही चालूच. हा नायटा, म्हणजे बुरशी. ओल्या पॅडने आणि घामाने तो वाढतो, पण पॅड बदलून जात नाही. इथे मला माझ्याच धंद्याबद्दल बोलायला हवं. अशा बाईला काउंटरवरून जी ट्यूब दिली जाते तिच्यात बऱ्याचदा स्टेरॉईड मिसळलेलं असतं. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून ती बाई खूश होते. पण बुरशी मरत नाही, त्वचा पातळ होते, आणि चट्टा पसरत जातो. ट्यूबवरची नावं वाचा. बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल दिसलं तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय जांघेत लावू नका. पांढरा दह्यासारखा स्राव आणि आतून खाज असेल, तर तेही डॉक्टरांकडेच.

जाऊबाईंच्या अंगावर पहिले दोन्ही प्रकार होते. दोन्ही मांड्यांवर रेघा, आणि मध्ये पॅडचा फिकट ठसा. ती वापरत होती ते पॅड जाळीचं, सुगंधी आणि ३२० चं. नायटा नव्हता. डेटॉलच्या पाण्याने धुणं आणि वर पावडर टाकणं मी तिला त्याच दिवशी बंद करायला लावलं. दोन्हींनी सोललेल्या कातडीला आणखी त्रास होतो. साधं पाणी पुरतं.

मग कोणतं पॅड? मी दुकानातली तीन वेगवेगळी घेतली आणि आम्ही एक घरगुती चाचणी केली. सलाईनच्या बाटलीतल्या पाण्यात खायचा लाल रंग टाकला. ५ मिलीच्या सिरिंजने पॅडच्या मध्यावर एकदम ५ मिली सोडायचं आणि ते वरून दिसेनासं व्हायला किती वेळ लागतो ते मोजायचं. पाच मिनिटं थांबायचं. असं तीन वेळा, म्हणजे एकूण १५ मिली. शेवटी वर घडी केलेला कोरडा टिश्यू पेपर ठेवून त्यावर मिठाची १ किलोची पिशवी एक मिनिट ठेवायची. बसल्यावर अंगाचा भार पडतो, त्याची ही नक्कल. टिश्यू जितका ओला, तितकं रक्त दाब पडल्यावर परत अंगाला लागणार.

जाळीच्या पॅडने तिन्ही वेळा पाणी झटकन गिळलं, टिश्यू जवळजवळ कोरडा. मऊ थराच्या पॅडला तिसऱ्या वेळी जरा वेळ लागला, टिश्यूवर रुपयाएवढा डाग आला. तिसऱ्यात जेलचे दाणेच नव्हते, नुसता लगदा. ते जाडजूड असूनही मिठाची पिशवी ठेवताच कडेने गळलं. जाडी बघून पॅड घेणाऱ्या बायकांना मी हे आवर्जून दाखवते.

या चाचणीची एक मर्यादा नीट समजून घ्या. रक्त पाण्यासारखं नसतं. ते दाट असतं, त्यात पेशी असतात, गाठी असतात. जेलचे दाणे मिठाचं पाणी जेवढं पितात तेवढं रक्त पीत नाहीत. त्यामुळे पाण्याने आलेला आकडा खरा मानायचा नाही, फक्त दोन पॅडमध्ये तुलना करायची. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२३ मध्ये पाण्याऐवजी खऱ्या रक्ताने वेगवेगळी साधनं तपासली, तेव्हा पॅड, टॅम्पॉन आणि कप यांची क्षमता साधारण २० ते ५० मिलीच्या दरम्यान निघाली. टॅम्पॉन म्हणजे योनीत ठेवायची शोषून घेणारी गुंडाळी, आणि कप म्हणजे योनीत बसवायची मऊ वाटी, तिच्यात रक्त साठतं. म्हणजे चांगलं पॅड आणि कप यांत किती मावतं यात फार मोठा फरक नाही. फरक कुठे आहे ते पुढे येतंच.

तर जाळीचं पॅड कोरडं राहतं, पण घाम आला की तीच प्लास्टिकची जाळी कातडीला घासते. मऊ पॅड घासत नाही, पण ओलावा जरा वर राहतो, म्हणून ते चार-पाच तासांत बदलावं लागतं. घरी किंवा ऑफिसात असणाऱ्या, कातडी नाजूक असणाऱ्या बाईला मी डोळे झाकून मऊ, बिनसुगंधी पॅड देते आणि जास्त अंगावर जाणाऱ्या दिवशी दर चार तासांनी बदलायला सांगते. सुती कापडाचं धुऊन वापरायचं पॅडही त्वचेला चांगलं, फक्त गार पाण्यात धुऊन उन्हात खडखडीत वाळवलं पाहिजे. दुसऱ्या कपड्याखाली लपवून दमट वाळवलेलं पॅड नाही चालत. जाऊबाईंना मात्र यातलं काहीच पुरेसं नव्हतं, कारण तिची अडचण बदलण्याची होती. नऊ तास कोणतंही पॅड अंगाला लागून राहिलं की कातडी भिजणारच.

पुढचं पाऊल म्हणजे तिचं रक्त नेमकं किती जातं हे कळणं. "लई जातंय" यावरून काही ठरवता येत नाही. मी तिला छोटा डिजिटल काटा दिला, स्वयंपाकाचा नव्हे, वेगळा. कोरड्या पॅडचं वजन ९ ग्रॅम होतं. वापरलेलं पॅड पिशवीत घालून ठेवायचं, पिशवीचं वजन वजा करायचं, त्यातून ९ वजा करायचे. उरलेला १ ग्रॅम म्हणजे ढोबळ १ मिली. थोडा घामही त्यात येतो, पण आपल्याला अंदाजच हवाय. पुढच्या पाळीला ती घरीच होती तेव्हा तिने पाच दिवस वहीत लिहिलं. पहिल्या दिवशी ३०, दुसऱ्या दिवशी ५२, तिसऱ्या दिवशी ३४, मग १५, मग ७. एकूण १३८.

या आकड्याचा अर्थ लावताना घाबरायचं नाही आणि दुर्लक्षही करायचं नाही. पाळीत जे जातं त्यात साधारण निम्मंच रक्त असतं, बाकी स्राव आणि गर्भाशयाचं अस्तर. एका पाळीत ३० ते ४० मिली रक्त जाणं सर्वसाधारण, आणि ८० च्या वर गेलं तर डॉक्टर त्याला जास्त रक्तस्राव म्हणतात. तिचं रक्त ७० च्या आसपास, म्हणजे वरच्या टोकाला. शिवाय दहाच्या नाण्याएवढ्या गाठी पडायच्या आणि जिना चढताना तिला दम लागायचा. मी तिला हिमोग्लोबिन करायला लावलं. ९.४ आलं. बाईला १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेली, सोनोग्राफी झाली, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. ओळीने दोन-तीन तास दर तासाला पॅड पूर्ण भिजत असेल, किंवा सात दिवसांपेक्षा जास्त जात असेल, तर आणखी मोठं पॅड मागायला दुकानात येऊ नका, आधी दवाखान्यात जा.

आता कपचा हिशोब. दुसऱ्या दिवशी २४ तासांत ५२ मिली, म्हणजे तासाला साधारण सव्वादोन. बागेतले नऊ तास म्हणजे जवळपास २० मिली. कप साधारण १५ ते ३० मिलीचे येतात. २५ मिलीचा कप सकाळी घातला तर संध्याकाळपर्यंत तिला बागेत काहीच करावं लागणार नव्हतं, आणि बाहेर ओलं पॅड नसल्याने मांड्या कोरड्या राहणार होत्या. कप आणि पॅड यांतला खरा फरक हाच. मावतं थोडंफार सारखंच, पण कपात ते आत साठतं आणि कातडीला लागत नाही. कप जास्तीत जास्त १२ तास ठेवायचा, त्याहून जास्त नाही.

कप घेताना आधी गर्भाशयाचं तोंड किती खाली आहे ते बघावं लागतं. पाळीच्या दिवशी स्वच्छ धुतलेलं मधलं बोट आत घालायचं. नाकाच्या शेंड्यासारखं टणक लागतं ते गर्भाशयाचं तोंड. बोटाच्या पहिल्या पेरालाच लागलं तर ते खाली आहे आणि लांब कप बोचेल, आखूड घ्यावा. पूर्ण बोटभर आत असेल तर लांब चालतो. लहान आणि मोठा आकार हा योनीच्या सैलपणावर ठरतो. बाळंतपण न झालेल्यांना लहान, झालेल्यांना मोठा, हा ढोबळ नियम आहे. जाऊबाईंची दोन बाळंतपणं झालेली, तोंड दुसऱ्या पेरावर. मोठा, मध्यम लांबीचा कप ठरला. साहित्य वैद्यकीय दर्जाचं सिलिकॉन. काही कप रबराचे, म्हणजे लॅटेक्सचे असतात. फुगे किंवा रबरी हातमोज्यांनी ज्यांना खाज सुटते त्यांनी ते घेऊ नयेत. कॉपर टी असेल, किंवा अंग खाली उतरत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. कप ओढताना कॉपर टी सरकू शकते. बाळंतपणानंतर निदान सहा आठवडे थांबायचं.

विश्वासाचा कारखाना कसा ओळखायचा, हेही इथेच. पॅडसाठी भारतीय मानक आहे, आयएस ५४०५, आणि २०१९ मध्ये ते सुधारलं गेलं. धुऊन वापरायच्या पॅडसाठी आयएस १७५१४ आहे. पाकिटावर आयएसआयचं चिन्ह असेल तर त्याखाली CM/L ने सुरू होणारा नंबर असतो. बीआयएस केअर या मोबाईल ॲपमध्ये तो नंबर टाकला की परवाना कोणाचा, चालू आहे की संपला, हे दिसतं. नंबर न छापलेल्या नुसत्या चिन्हावर मी भरवसा ठेवत नाही. तेवढंच महत्त्वाचं म्हणजे बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता, बॅच नंबर आणि बनवल्याची तारीख. किमतीवरून दर्जा ठरवू नका. जनऔषधी केंद्रातलं सुविधा पॅड १ रुपयाला एक असं मिळत आलंय, आणि महागड्या सुगंधी पॅडने ठसा उठतो.

कपच्या खोक्यावर बऱ्याचदा 'एफडीए रजिस्टर्ड' लिहितात. अमेरिकेच्या त्या अन्न-औषध खात्याकडे नाव नोंदवणं म्हणजे त्यांनी तपासून दिलेली मंजुरी नव्हे. त्यापेक्षा सिलिकॉन वैद्यकीय दर्जाचं असल्याचं आणि शरीराला चालतं का याची आयएसओ १०९९३ प्रमाणे चाचणी झाल्याचं लिहिलंय का ते बघा. उग्र वास येणारा, चिकट लागणारा, पत्ता नसलेला कप परत करा. एचएलएल या केंद्र सरकारच्या कंपनीनेही 'तिंगळ' नावाने कप काढला आणि २०१९ मध्ये केरळातल्या आलप्पुळात पाच हजार बायकांना तो दिला.

पहिल्या पाळीला जाऊबाईंचा कप गळला आणि तिने रागाने फोन केला. "अक्का, हे काय बी कामाचं नाही." मी विचारलं, काढला तेव्हा भरलेला होता का? नाही, अर्धाच. मग तो भरून वाहिला नव्हता, आत नीट उघडलाच नव्हता. घातल्यावर कपच्या बुडाभोवती बोट फिरवायचं. कुठे घडी किंवा खड्डा लागला तर तो उघडलेला नाही. थोडा फिरवला की उघडतो आणि किंचित ओढून बघितलं की धरून ठेवल्यासारखा वाटतो. कपच्या काठाखाली बारीक भोकं असतात. ती बुजली तरी पकड सुटते. कपात पाणी भरून तळहाताने दाबलं की भोकांतून पिचकारी उडून ती साफ होतात. आणि काढताना दांडी ओढायची नाही. बूड चिमटीत दाबून आधी हवा आत जाऊ द्यायची, मग अलगद काढायचा. पाळीच्या सुरुवातीला आणि शेवटी वेगळ्या भांड्यात पाच मिनिटं उकळायचा, भरपूर पाण्यात, तळाला चिकटू न देता. ठेवायचा सुती पिशवीत, हवाबंद डबीत नाही.

फार क्वचित, पण लक्षात ठेवायची एक गोष्ट मी तिच्या वहीतच लिहून दिली. कप आत असताना अचानक मोठा ताप, उलट्या, चक्कर आणि उन्हाने भाजल्यासारखं लाल अंग, असं झालं तर कप लगेच काढायचा आणि तडक दवाखाना गाठायचा.

दुसऱ्या पाळीला ती घरीच होती, कपाबरोबर खाली पातळ सुती पॅडही ठेवलं होतं, दोन ठिपके पडले. तिसरी पाळी माल काढणीच्या दिवसांत आली. सकाळी सातला कप घालून ती बागेत गेली, संध्याकाळी सहाला घरी मोरीत तो काढला. आतल्या खुणेवर २२ मिली होतं. मांडीवरच्या रेघांच्या जागी आता फक्त काळसर डाग उरलेत.